भरभर जेवलं की उचकी आणि पोटाचा वरचा भाग गच्च का होतो

प्रश्न: "घाईत जेवलो की दोन-तीन मिनिटांतच उचकी सुरू होते आणि मग छातीच्या खाली दगड ठेवल्यासारखं गच्च वाटतं, तासभर तरी. तेच जेवण निवांत जेवलो की काहीच होत नाही. ॲसिडिटीची गोळी घेऊन बघितली, फरक शून्य. हे नेमकं कशामुळे?"

गोळीने फरक पडला नाही हे लिहिलंत ते फार बरं केलंत, कारण अर्धं उत्तर तिथेच आहे. ती गोळी आम्ल कमी करते आणि तुमचा त्रास आम्लाचा नाहीये, ताणाचा आहे. ताण म्हणजे टेन्शन नव्हे, खरोखरचा ताण, म्हणजे नळी आणि पिशवी त्यांच्या तयारीच्या आधीच ताणली जाणं. मी पोटविकाराची प्रॅक्टिस करतो आणि अशी तक्रार घेऊन येणारे बहुतेक लोक आधी महिना-दोन महिने आम्लाच्याच गोळ्या खाऊन आलेले असतात, त्यामुळे जरा सविस्तरच लिहितो.

सुरुवात घशाच्या खालून करू. अन्ननलिका साधारण 25 सेंटीमीटरची, मऊ स्नायूंची नळी आहे. आपल्याला वाटतं घास गिळला की तो आपोआप खाली पडतो, पण तसं होत नाही. पाणी उभ्या-बसल्या स्थितीत बऱ्यापैकी आपल्याच वजनाने खाली जातं, घट्ट घास मात्र ढकलावा लागतो. गिळल्याबरोबर नळीत वरून एक आवळती लाट सुटते, ती घासाच्या मागून सरकत त्याला पुढे रेटत नेते, आणि वरपासून जठराच्या दारापर्यंत पोचायला तिला साधारण 8 ते 10 सेकंद लागतात. लाट पोचायच्या आधीच ते खालचं दार सैल होऊन उघडलेलं असतं, घास आत गेला की परत आवळून बंद होतं.

आता यातला मुद्दा असा, की ही लाट निम्म्या वाटेवर असताना तुम्ही दुसरा घास गिळलात तर पहिली लाट थांबते किंवा अगदी क्षीण होते. हा बिघाड नाही, शरीराची रचनाच तशी आहे. दर नव्या गिळण्याबरोबर मेंदूकडून आधी "नळी सैल करा" असा निरोप जातो आणि मग नवीन लाट सुटते. म्हणूनच आपण ग्लासभर पाणी घटाघटा एका दमात पिऊ शकतो, तेव्हा सगळी नळी सैल असते, दार उघडं असतं आणि शेवटच्या घोटानंतर एकच लाट येऊन उरलंसुरलं साफ करून जाते. पाण्याला हे चालतं. घट्ट अन्नाला चालत नाही, कारण त्याला मागून रेटणारी लाटच उरत नाही आणि घास नळीत एकामागे एक थांबून राहतात.

हे किती लवकर घडतं ते एका पेशंटच्या उदाहरणाने सांगतो. तिशीतला माणूस, तब्येतीने ठणठणीत, तक्रार अगदी तुमच्यासारखीच. एंडोस्कोपी बाहेर कुठेतरी करून झालेली, ती नॉर्मल. तो त्या दिवशीचा शेवटचा पेशंट होता आणि त्याचं जेवण त्याच्याबरोबरच होतं, म्हणून मी म्हटलं इथेच जेवा, रोज जेवता तसंच, माझ्याकडे बघू नका. मी घड्याळ लावून फक्त मोजत बसलो. पूर्ण जेवण 6 मिनिटांत संपलं, घास झाले 41. म्हणजे एका घासाला पावणेनऊ सेकंद. त्यातले चारेक सेकंद चावण्यात, पुढचे एक-दोन सेकंद गिळण्यात, आणि बऱ्याच घासांना एकदा गिळून भागत नव्हतं, दोनदा-दोनदा गिळावं लागत होतं, त्यामुळे खरं तर दर चार-पाच सेकंदांनी एक गिळणं चाललं होतं. लाटेला लागतात 8 ते 10 सेकंद. म्हणजे त्या 6 मिनिटांत एकही लाट धड शेवटपर्यंत पोचली असेल असं मला वाटत नाही. सोळाव्या घासाला, सव्वादोन मिनिटं उलटल्यावर, पहिली उचकी आली. त्याने काय केलं, तर जे सगळेच करतात तेच, ग्लास उचलला आणि अर्धा ग्लास पाणी एका दमात ओतलं. उचकी दोन मिनिटं थांबली, परत आली.

उचकी का, तर अन्ननलिका छातीतून पोटात उतरते ती श्वासपटलाला असलेल्या एका भोकातून. श्वासपटल म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधला घुमटासारखा स्नायूचा पडदा, ज्याच्या खालीवर होण्यावर आपला श्वास चालतो. नळी अचानक ताणली गेली की तिच्या भिंतीतल्या नसा, मुख्यतः व्हेगस नावाची नस, मेंदूच्या बुडाशी असलेल्या भागाला खबर देते, तिथून फ्रेनिक नावाच्या नसेने श्वासपटलाला झटका येतो, तो एकदम आकसतो आणि हवा आत खेचली जाते. पण ती हवा पुरती आत जायच्या आतच, सेकंदाच्या तिसाव्या भागाइतक्या वेळात, स्वरयंत्रातली फट खाडकन बंद होते. उचकीचा जो आवाज येतो तो या बंद होण्याचा आहे, पोटाचा नाही. अन्ननलिकेत छोटा फुगा सोडून तो पटकन फुगवला तर काही लोकांना हुकमी उचकी लागते, हे प्रयोगात पाहिलेलं आहे, आणि थांबलेले चार घास म्हणजे नळीच्या दृष्टीने तो फुगाच. इथे "पटकन" या शब्दाला महत्त्व आहे. नळी हळूहळू ताणली तर ती तेवढी कुरकुरत नाही, झटकन ताणली तर नसा चाळवतात. म्हणून तेच 41 घास, तेच अन्न, निवांत खाल्लं तर उचकी नाही, हे तुम्ही स्वतःच बघितलेलं आहे.

फार गरम घास, पाठोपाठ एकदम गार पाणी, किंवा गॅसवालं पेय यानेही हीच नस चाळवते, घाईबरोबर यातलं काही असेल तर उचकी अजून लवकर येते.

आता खाली जठरात येऊ, कारण दगड ठेवल्यासारखं वाटणं तिथलं आहे. रिकामं जठर अगदी आकसलेलं असतं, आत जेमतेम 50 ते 100 मिलिलिटरची जागा. जेवताना तेच एक-दीड लिटरपर्यंत घेऊ शकतं आणि तरीही आतला दाब फारसा वाढत नाही. हे होतं कारण जठराचा वरचा, डाव्या बाजूचा घुमटासारखा भाग, त्याला फंडस म्हणतात, जेवण सुरू झालं की सैल पडत जातो. रिकाम्या रबरी फुग्यासारखं नाही ते, फुग्याला ताणावं लागतं. हे जास्त करून कोणी घरी आल्यावर आपण सरकून जागा करून देतो तसं आहे, घास येतोय ही खबर व्हेगस नसेवरून आधीच जाते आणि स्नायू स्वतःहून ढिला होतो. सुरुवात पहिल्या काही सेकंदांत होते पण पुरेसं सैल व्हायला काही मिनिटं जातात. तुम्ही त्या मिनिटांच्या आतच अख्खं जेवण आत ढकललंत तर अजून आवळलेल्या पिशवीत भर पडते, दाब वाढतो, आणि तो दाब छातीचं हाड जिथे संपतं तिथल्या खळग्यात आणि डाव्या बरगड्यांच्या कमानीखाली जाणवतो. अर्धा तास-तासाने बरं वाटतं ते बरंचसं यामुळे की फंडस मागाहून का होईना सैल झालेला असतो. अन्न तर तेव्हा जवळजवळ तेवढंच आत असतं.

आणखी एक. माणूस धास्तावलेला किंवा चिडलेला असेल तर फंडस नीट सैल पडत नाही, हेही मोजून पाहिलेलं आहे. घाईत जेवणारा माणूस बहुतेक वेळा कशाच्या तरी दडपणाखालीच जेवत असतो, त्यामुळे दोन्ही गोष्टी एकदमच येतात आणि लोक म्हणतात "सुट्टीच्या दिवशी भरभर जेवलो तरी एवढं होत नाही". बरोबर आहे त्यांचं.

यात भर हवेची. दर गिळण्याबरोबर थोडी हवा आत जातेच, ती सगळ्यांची जाते. पण कमी चावलेला मोठा घास, तोंडात घास असतानाच बोलणं, घासावर पाण्याचे मोठे घोट, यात ती बरीच जास्त जाते. उभं राहून काढलेल्या छातीच्या एक्स-रेमध्ये डाव्या श्वासपटलाच्या अगदी खाली एक काळा गोल दिसतो, ती जठरातली हवा, हलकी म्हणून वर जाऊन बसलेली. हा बुडबुडा मोठा झाला की तो खालून श्वासपटलाला टेकतो आणि तिकडून उचकीला आणखी एक निमित्त मिळतं, शिवाय श्वास पूर्ण भरत नाहीये असंही काहींना वाटतं. फंडस ताणला की अन्ननलिकेचं खालचं दार थोड्या वेळासाठी उघडून ही हवा ढेकर होऊन बाहेर पडते, ही सोय आहेच, पण त्यासाठी हवा दाराशी असायला लागते. जेवून लगेच आडवं झालात किंवा खुर्चीत घसरून बसलात तर दाराशी अन्न-पाणी येतं आणि हवा मागे अडकते. त्यामुळे गच्च वाटतंय म्हणून आडवं होणं हा त्या वेळचा सगळ्यात चुकीचा उपाय आहे. ताठ बसा, नाहीतर सावकाश चाला.

यावरून एक ओळखायची खूण मिळते जी मी पेशंटला नेहमी विचारतो: दोन-तीन ढेकर आल्यावर मोकळं वाटतं का? दहा-पंधरा मिनिटांत ढेकर येऊन गच्चपणा निम्म्याने कमी झाला तर तो जास्त करून हवेचा होता. ढेकर येऊनही दोन-तीन तास तसाच राहिला तर तो अन्नाचा आहे, आणि तिथे चावण्याचा प्रश्न येतो. जठराचा खालचा भाग मिनिटाला साधारण 3 वेळा आकसतो आणि अन्न दळत राहतो, आणि पुढच्या आतड्यात जाणारं दार घट्ट अन्नाचे 1-2 मिलिमीटरपेक्षा मोठे तुकडे सहसा सोडत नाही. नीट चावलेल्या घट्ट जेवणाचंही पहिल्या 20-30 मिनिटांत फारसं काही पुढे जात नाही, निम्मं पुढे जायला दोनेक तास लागतात. तुम्ही चार सेकंद चावून जे खाली पाठवलंत ते काम दातांऐवजी जठराने करायचं, आणि जठराला दात नाहीत, तो तेच काम बराच वेळ लावून करतो. तेवढा वेळ पोट भरलेलं राहतं.

पोट भरल्याची जाणीव उशिरा येते हा भागही यातच बसतो. पिशवी ताणली गेल्याची खबर लगेच जाते, पण "आता पुरे, समाधान झालं" ही भावना बऱ्याच अंशी आतड्यातून निघणाऱ्या हॉर्मोन्समुळे येते, ती अन्न थोडं पुढे सरकलं की मग तयार होतात, ढोबळमानाने 15-20 मिनिटं लागतात. 6 मिनिटांत जेवण संपवणाऱ्याला ती खबर पानावरून उठल्यावर मिळते, आणि तोवर चार घास जास्त गेलेले असतात. म्हणून त्याला जेवताना "अजून भूक आहे" आणि उठल्यावर "अरे फारच झालं" असं दोन्ही वाटतं. मधली अवस्था त्याच्या वाट्याला येतच नाही.

मग त्या पेशंटचं काय केलं. गोळ्या बंद केल्या, कारण जळजळ नव्हती, आंबट पाणी वर येत नव्हतं, एंडोस्कोपी नॉर्मल होती. त्याला "हळू जेवा" असं मी म्हटलं नाही, ते त्याला सगळ्यांनी सांगून झालं होतं आणि तिसऱ्या घासाला तो विसरायचा. मी एकच गोष्ट सांगितली की घास तोंडात गेला की हात रिकामा करायचा, पुढचा घास हातात तयार ठेवायचा नाही, आणि आधीचा घास गिळून झाल्यावर एक पूर्ण श्वास आत-बाहेर घेऊन मगच पुढचा उचलायचा. लाटेला हवे असलेले सेकंद त्या एका श्वासात आणि पुढचा घास चावण्यात आपोआप मिळतात, घड्याळ बघावं लागत नाही. दुसरं, घास थोडा लहान. तिसरं पाण्याचं, लागेल तेव्हा एक-दोन छोटे घोट, पण अडकलेला घास खाली ढकलायला म्हणून पाणी ओतायचं नाही. घास अडकल्यासारखा वाटला तर थांबायचं, 20-30 सेकंद काहीही गिळायचं नाही, थुंकीसुद्धा शक्य तितकी कमी, म्हणजे एक लाट पूर्ण जाते आणि तो घास बहुतेक वेळा खाली सरकतो. दहा सेकंदांच्या आत परत गिळलंत तर तुम्ही ती लाट पुन्हा मोडता.

तीन आठवड्यांनी तो परत आला तेव्हा तेच जेवण त्याला 17 मिनिटं पुरत होतं, घास वाढून 52 झाले होते, म्हणजे एका घासाला जवळपास 20 सेकंद. उचकी जवळजवळ गेली होती, तीन आठवड्यांत दोनदा आली, दोन्ही वेळेला उशीर झाला म्हणून तो जुन्या वेगाने जेवला होता. गच्चपणा मात्र पूर्ण गेला नव्हता, विशेषतः रात्रीच्या भरपेट जेवणानंतर. हे मी मुद्दाम सांगतोय, कारण काही लोकांचा फंडस मुळातच कमी सैल पडतो आणि त्यांना वेगाबरोबर एका वेळचं प्रमाणही कमी करावं लागतं. त्याने रात्रीचं जेवण दोन भागांत केलं आणि मग ते सुटलं.

उचकी लागलीच तर खाणं थांबवा आणि श्वास भरून 10-15 सेकंद रोखून धरा, रक्तातला कार्बन डायऑक्साइड थोडा वाढला की उचकीची साखळी बऱ्याचदा तुटते. गार पाण्याचे छोटे छोटे घोट चालतील, घटाघटा नको. बसून गुडघे छातीशी घेणं काहींना लागू पडतं, पण जेवण पोटात गच्च भरलेलं असताना ते करू नका, दाब वाढून अन्न वर येतं. उचकी चालू असताना जेवण रेटत राहणं सगळ्यात वाईट, कारण दर उचकीला हवा आत खेचली जातेय आणि तोंडात घास आहे, ठसका लागून तो श्वासनलिकेत जाऊ शकतो.

आता घाई हेच कारण आहे हे तुम्ही स्वतः तपासून घ्या. लागोपाठ पाच दिवस रोजचं एक ठरावीक जेवण, साधारण तेवढंच अन्न, वर सांगितलं तसं दोन घासांमध्ये एक श्वास घेऊन जेवा. त्रास घाईचा असेल तर उचकीत फरक पहिल्या दोन दिवसांतच कळतो, त्याला आठवडे लागत नाहीत. पाच दिवस खरोखर सावकाश जेवूनही थोडक्यातच पोट भरतंय, चार घासात पुरे वाटतंय, तर मग वेगाला दोष देऊ नका, दाखवून घ्या. डायबेटिस बरीच वर्षं असेल तर जठर रिकामं व्हायचा वेग मंदावलेला असू शकतो, त्याची वेगळी तपासणी असते.

आणि काही गोष्टींत पाच दिवससुद्धा थांबायचं नाही. घट्ट घास दर वेळी एकाच जागी अडकतो, आधी फक्त कोरडं अडकायचं आणि आता मऊही अडकतं. वजन आपोआप उतरतंय. उलटीत रक्त किंवा शौचाला डांबरासारखं काळं. उचकी 48 तासांच्या वर सलग चालू आहे, तिचा जेवणाशी काही संबंध उरलेला नसतो आणि ती मेंदू, छाती, किडनी, एखादं औषध, कुठलंही कारण घेऊन आलेली असू शकते. वय पन्नाशीच्या पुढे आहे आणि हा गच्चपणा आयुष्यात पहिल्यांदाच सुरू झालाय. या सगळ्यांत एंडोस्कोपीचा विचार करावा लागतो, उचकीवाल्यात रक्ताच्या तपासण्या आणि छातीचा फोटो आधी.

सगळ्यात काळजीचं म्हणजे हृदयाचं दुखणं. ते कधीकधी नेमकं त्याच खळग्यात, पोट गच्च झाल्यासारखं जाणवतं, आणि भरपेट जेवणानंतरच. घाम फुटला, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ गेली, चार पावलं चालल्यावर वाढतंय आणि थांबल्यावर कमी होतंय, दम लागतोय, तर ढेकर येण्याची वाट बघत बसू नका, सरळ जवळच्या इमर्जन्सीत जाऊन ईसीजी काढा. तो नॉर्मल आला आणि डॉक्टरांनी सोडलं तर मग निवांत घास मोजत बसा.

तुमचं वय आणि तुम्हाला काही चालू औषधं आहेत का ते लिहिलं नाहीत, ते कळवा. आणि एक जेवण मोजून बघा, किती मिनिटं आणि किती घास, आकडे सांगितलेत तर तुमच्या बाबतीत लाट मोडतेय की फंडसला वेळ मिळत नाहीये हे मला बरंच नेमकं सांगता येईल.